परीक्षेत मी पेटीवर असतो

तबल्याच्या परीक्षांचा सीझन आला की माझा फोन वाजायला लागतो. मी काही तबलजी नाही, मी पेटीवाला. आमच्या केंद्रावर गांधर्वच्या परीक्षा असतात तेव्हा तबल्याच्या मुलांना लेहरा, म्हणजे तालाच्या मात्रा दाखवणारी एकच सुरावट पुन्हापुन्हा, धरायला मला बोलावतात, पंधरा वर्षं झाली. म्हणजे परीक्षक समोर, मूल मधे आणि मी बाजूला. मुलाला मार्क किती मिळाले ते मला कधीच कळत नाही पण कशाला मिळाले आणि कुठे गेले ते बऱ्यापैकी दिसतं. म्हणून लिहितोय, कारण यावेळी चार दिवसांत तीन पालकांनी मला एकच वाक्य ऐकवलं, "काका, तुम्ही आत असता ना, जरा परीक्षकांना सांगा, सांभाळून घ्या म्हणावं."

आधी ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते १९३१ मध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापन केलं, तेच आपलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. गायन, वादन, नृत्य सगळ्यांच्या परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मेच्या आसपास आणि नोव्हेंबर-डिसेंबरला. पायऱ्या अशा की आधी प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारदची दोन वर्षं आणि ज्याला झेपेल त्याला अलंकार. पहिल्या दोन परीक्षांना लेखी पेपर नसतो, सगळं तोंडी आणि हातानं, प्रारंभिक ५० मार्कांची, प्रवेशिका प्रथम ७५ ची. पेपर प्रवेशिका पूर्णपासून सुरू होतो आणि तिथेच निम्मी मुलं गळतात, पण तो विषय वेगळा.

आता त्या "सांभाळून घ्या"कडे येतो. अहो, परीक्षक बाहेरगावचा असतो, मंडळानं पाठवलेला. आमच्याकडे कोण येणार हे क्लासवाले ठरवत नाहीत. त्या माणसाला तुमचा मुलगा कोणाकडे शिकतो, दोन वर्षं शिकतोय की पाच, आठवड्याला किती तास जातो, काही म्हणजे काही ठाऊक नसतं. त्याच्यासमोर फक्त बैठक क्रमांक आणि दहा-पंधरा मिनिटं. या परीक्षेत जे काही चांगलं आहे ते नेमकं हेच आहे! स्वतःचे सर तर रोजच सांभाळून घेतात. मुलगा अडखळला की सर नकळत मान हलवून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवतात, तोंडानं "धा" म्हणतात, पायानं मात्रा देतात. मुलाला वाटतं आपल्याला आलं. बाहेरचा माणूस मान हलवत नाही, तो नुसता बघत बसतो, आणि मग कळतं की सम मुलाच्या डोक्यात होती की सरांच्या मानेत.

दारातून मूल आत येतं, नमस्कार करतं, तबला लावलेला आहे का बघतं (बघायला पाहिजे, बरीच मुलं बघतच नाहीत, घरून आणलेला तबला एका पट्टीत आणि मी दुसऱ्याच पट्टीत, मग मलाच पट्टी बदलावी लागते). पालकांना वाटतं आता परीक्षक म्हणणार वाजव. बहुतेक वेळा तसं होत नाही. पहिला प्रश्न येतो, "झपताल हातावर म्हणून दाखव." मग, "आता दुगुन." म्हणजे तेच दुप्पट लयीत.

इथे जे होतं ते मी इतक्यांदा पाहिलंय की मला आता मुलाच्या डोळ्यांवरूनच कळतं. झपताल दहा मात्रांचा, टाळी पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेला, आणि खाली, म्हणजे टाळी न देता हात नुसता उलटा दाखवायचा, ती सहाव्या मात्रेला. एकपटीत सगळी पोरं पोपटासारखी म्हणतात, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दुगुनीत काय होतं बघा. अख्खं आवर्तन पाच मात्रांत संपतं, म्हणजे दुसऱ्या आवर्तनाचा पहिला धी बरोबर सहाव्या मात्रेवर येतो, आणि सहाव्या मात्रेला तर हात खाली दाखवतोय. तोंडात सम, हातात खाली. हे ज्याला कळलेलं नाही तो तिथे हमखास टाळी देतो, आणि एकदा टाळी दिली की पुढचं सगळं कोसळतं. ज्या मुलानं नुसतं पाठ केलंय ते इथे थांबून पहिल्यापासून सुरू करतं, पुन्हा तिथेच येऊन थांबतं. ज्याला समजलंय त्याचा हात शांत असतो. परीक्षक फार काही बोलत नाहीत, फक्त पेन उचलतात. तीनतालात हाच प्रकार नवव्या मात्रेला होतो पण सोळा मात्रांची सवय इतकी असते की निभावून जातं. म्हणून परीक्षक झपताल विचारतात, खडूसपणा म्हणून नव्हे.

आणि हे सगळं तबल्याला हात न लावता. घरी रियाज म्हणजे फक्त वाजवणं अशी समजूत आहे, पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, कोणी करून घेत नाही कारण पढंत ऐकायला पालकांना मजा येत नाही, व्हिडिओ काढता येत नाही.

यंदाचा एक मुलगा सांगतो. प्रवेशिका प्रथम, वय असेल बारा. पढंत फर्स्टक्लास केली, झपतालसुद्धा. मग तीनतालात कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, वाजवायला सांगितला, तोच आपला दिल्लीचा, धाधातिट धाधातिन्ना, तातातिट धाधाधिन्ना. हात गोड. दुगुनीत त्याच बोलांचे फेरफार करून चार पलटे वाजवले आणि एकही घसरला नाही. मी मनात म्हटलं चला, आज काहीतरी चांगलं ऐकायला मिळालं. मग तिहाई.

तिहाई साधीच होती, धाधातिट धाधातिन्ना धा, तीन वेळा. दुगुनीत तो तुकडा चार मात्रांचा, पाचव्या मात्रेवर धा, आणि त्या धा नंतर एक मात्रा दम घ्यायचा. सातव्या मात्रेपासून दुसरा, अकराव्यावर धा, बाराव्याला पुन्हा दम, तेरावीपासून तिसरा, आणि सोळा मात्रा भरल्या की शेवटचा धा समेवर. सहा, सहा आणि चार, हिशोब सरळ. पण पोरगं जोशात आलं होतं, समोर परीक्षक, छाती धडधडतीय, त्यानं दोन्ही ठिकाणी दम गाळला. पाच, पाच आणि चार झाले चौदा. शेवटचा धा मोठ्या ऐटीत दिला, हात वर केला आणि माझी पेटी अजून पंधराव्या मात्रेवर! एक क्षण तो माझ्याकडे असा बघत होता की जणू मी चुकलोय.

मी काय करणार, लेहरा म्हणजे घड्याळ, ते कोणासाठी पुढे ढकलता येत नाही. खरं सांगतो, बोटं शिवशिवली होती. दोन मात्रा गिळून सम दिली असती तर ऐकणाऱ्या दहातल्या आठ जणांना कळलंही नसतं. पण परीक्षकांना कळलं असतं आणि मुलाला कधीच कळलं नसतं.

परीक्षक एवढंच म्हणाले, "परत वाजव, सावकाश." परत वाजवलं, परत पंधराव्यावर. मग ठेका विचारला, वर्ण विचारले, तबल्याच्या भागांची नावं विचारली, सगळं आलं. बाहेर गेला.

यात मोबाइलवरच्या लेहऱ्याचाही हात आहे असं माझं मत आहे. वाईट नाही तो, आमच्यासारखा पेटीवाला रोज कुठे मिळणार. पण पोरं एकाच लयीचा आकडा लावतात आणि वर्षभर त्यावरच वाजवतात. चुकलं की बंद करून पुन्हा पहिल्यापासून. मधेच चुकलं तर वाजत असतानाच सम शोधून परत कसं यायचं, ही गोष्ट त्यांना येतच नाही, कारण ती वेळ कधी आलेलीच नसते. आठवड्यातून एकदा तरी लय थोडी कमी, थोडी जास्त करून वाजवून घ्या आणि चुकलं तरी थांबू देऊ नका, एवढं क्लासवाल्यांनी केलं तरी माझ्या बाजूला बसून रडणारी पोरं अर्धी होतील.

फॉर्मबद्दल दोन शब्द, कारण त्याचेही फोन येतात. फॉर्म परीक्षेच्या बरेच आधी केंद्रामार्फत जातो, परीक्षा जवळ आल्यावर "आमचं नाव घाला" म्हणून काही होत नाही. आणि फॉर्मवर जे नाव जाईल तेच सर्टिफिकेटवर छापून येतं. माझ्याच भाचीच्या प्रारंभिकच्या फॉर्मवर वडिलांचं नाव घरातल्यासारखं लिहिलं होतं, म्हणजे ज्या नावानं सगळे हाक मारतात ते, शाळेत वेगळं. आम्ही कोणी बघितलं नाही, पाठांतर घेण्यात मग्न. चार वर्षांनी दहावीत शाळेनं सर्टिफिकेट परत केलं, नावं जुळत नाहीत म्हणून. मग अर्ज, पुरावे, हेलपाटे. तेव्हा फॉर्म भरताना शाळेचा दाखला शेजारी ठेवा, अक्षर न् अक्षर बघा, जन्मतारीखसुद्धा. आणि गुणपत्रिका आली म्हणून सर्टिफिकेट विसरू नका, ते केंद्रावर येऊन पडलेलं असतं आणि लोक दोन-दोन वर्षं न्यायला येत नाहीत.

दहावीचे वाढीव गुण हे तर वेगळंच. शास्त्रीय कलेच्या ठरावीक परीक्षा पास असतील तर राज्य मंडळ दहावीला जादा गुण देतं, चांगली गोष्ट आहे, माझा विरोध नाही. पण त्यामुळे आठवीत तबला सुरू करून नववी संपेपर्यंत तीन परीक्षा "काढायच्या" असे लोक येतात. प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो, आणि दहावीच्या नोव्हेंबरात दिलेल्या परीक्षेचं सर्टिफिकेट हातात यायला वेळ लागतो, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका, जे काय द्यायचं ते नववीच्या एप्रिल-मेपर्यंत उरका. हे मी सांगतो, आणि सांगताना मला स्वतःचाच राग येतो, कारण हा सल्ला तबल्याचा नाही, रेल्वेच्या टाइमटेबलचा वाटतो.

बरं, तो मुलगा. दुपारी जेवायच्या सुट्टीत मी बाहेर आलो तर तो जिन्यात बसलेला, आई शेजारी डबा उघडून. डब्याकडे लक्ष नाही, मांडीवर बोटं चाललीत. मला बघून उठला.

"काका, मी पंधराव्यावर आलो ना?"

मी म्हटलं, "हो."

"धा नंतर थांबायचं राहिलं. दोन्हीकडे."

"हो."

आई विचारायला लागल्या, काय झालं, मार्क जातील का. तो म्हणाला, "आई थांब गं," आणि पुन्हा मांडीवर मोजायला लागला.