मावशीसोबत पाहिलेली मैत्री

माझी मावशी अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाली. गेल्या वर्षी तिची जिवलग मैत्रीण गेल्यावर ती मला म्हणाली, "मला काहीतरी असं दाखव, की दुपारी घरात कुणीतरी बसल्यासारखं वाटेल." मी उत्साहाने 'ऊंचाई' (2022) लावला. चित्रपट मनापासून केलेला आहे, पण चार मित्रांपैकी एकाच्या मृत्यूपासून बाकीच्या तिघांचा एव्हरेस्ट बेस कॅम्पचा प्रवास सुरू होतो, हे मी विचारातच घेतले नव्हते. मावशी अर्ध्यातून उठून स्वयंपाकघरात गेली. म्हाताऱ्या माणसांच्या मैत्रीवरचा प्रत्येक चित्रपट सोबत करतोच असे नाही, हे मला त्या दिवशी नीट कळले.

तेव्हापासून मी निवड करताना एकच गोष्ट पाहते: त्या दोन माणसांना एकत्र बसवणारे रोजचे, साधे काम कथेत आहे का? भाषणे आणि मिठ्या यांतून पडद्यावरची मैत्री पटकन उभी राहते आणि तितक्याच पटकन विसरली जाते. रोजच्या कामातून ती हळूहळू मुरते. या कसोटीवर मला सर्वांत खरा वाटलेला चित्रपट म्हणजे ब्रूस बेरेसफर्ड यांचा 'ड्रायव्हिंग मिस डेझी' (1989).

कथा अमेरिकेतल्या अटलांटा शहरातली आहे आणि 1948 पासून पुढची सुमारे पंचवीस वर्षे तिच्यात येतात. बहात्तर वर्षांच्या डेझीबाई, निवृत्त शिक्षिका आणि ज्यू विधवा, गाडी मागे घेताना अपघात करतात, म्हणून मुलगा त्यांच्यासाठी होक नावाचा कृष्णवर्णीय चालक ठेवतो. बाईंना तो नकोच असतो. त्या किराणा आणायला पायी निघतात आणि होक गाडी अगदी सावकाश त्यांच्या बाजूने चालवत राहतो. शेवटी त्या गाडीत बसतात, तेव्हा होक मुलाला फोनवर सांगतो की, याला सहा दिवस लागले, देवाला जग घडवायला लागले तेवढेच. पुढे सॅमन माशाचा एक डबा कमी भरतो म्हणून बाई होकला चोर ठरवायला मुलाला बोलावून घेतात आणि तेवढ्यात होक स्वतःच नवा डबा घेऊन येतो, आधीचा आपण खाल्ल्याचे सांगतो.

मावशीने चित्रपट थांबवायला लावला तो प्रसंग मात्र वेगळा आहे. दफनभूमीत बाई होकला बाउअर नावाच्या माणसाच्या कबरीवर फुले ठेवायला पाठवतात आणि त्याला वाचता येत नाही, हे त्याला कबूल करावे लागते. बाई त्याची कीव करत नाहीत. अक्षरे तुला माहीत आहेत ना, मग नावाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा आवाज ओळख, एवढेच त्या सांगतात. होक जातो आणि दगड शोधून काढतो. "अशीच शिकवते शिक्षिका," मावशी म्हणाली आणि मग अर्धा तास आपल्या पहिलीच्या वर्गाविषयी बोलत राहिली. मला हवी होती ती सोबत हीच.

या चित्रपटाची एक मर्यादा सांगायलाच हवी. वर्णभेदाच्या त्या काळाकडे तो बराचसा बाईंच्या बाजूने पाहतो आणि होकचे स्वतःचे घर आपल्याला जवळजवळ दिसतच नाही. तरीही एका प्रसंगात चित्रपट हे स्वतःच उघड करतो. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाला जाताना बाई होकला अगदी दारापाशी, तेही आडून, आत येण्याविषयी विचारतात. पुढच्या वेळी नीट विचारा, असे तो म्हणतो आणि बाहेर गाडीत बसून तेच भाषण रेडिओवर ऐकतो. मावशीने इथे बाईंची बाजू घेतली नाही.

भाषा अमेरिकेच्या दक्षिणेकडची, उच्चार जड आहेत, त्यामुळे सबटायटल्स मोठ्या अक्षरांत लावावीत आणि सलग वेळ नसेल तर दोन बैठकींत पाहावा. चित्रपट शंभर मिनिटांच्या आसपासचा आहे. ज्यांना हिंदीच सोयीची, त्यांनी 'शर्माजी नमकीन' (2022) पाहावा. त्यात नोकरी सुटलेला विधुर गृहस्थ मुलांना न सांगता बायकांच्या किटी पार्टीसाठी स्वयंपाक करू लागतो आणि तिथेच त्याला गोतावळा मिळतो. ऋषी कपूर यांच्या निधनानंतर राहिलेले प्रसंग परेश रावल यांनी साकारले आहेत, त्यामुळे चेहरा मध्येच बदलतो. हे आधी सांगून ठेवले की पाहणारा गोंधळत नाही.

मावशीने 'डेझी' आजवर तीनदा पाहिला आहे. शेवटी वृद्धाश्रमात बाईंना आपल्या हाताने खाणे जमत नाही आणि आता स्वतःही गाडी चालवू न शकणारा होक त्यांना 'पम्पकिन पाय' हा भोपळ्याचा गोड पदार्थ घासाघासाने भरवतो. त्या प्रसंगाला मावशी आवाज थोडा वाढवायला सांगते, जरी तिथे फारसे कुणी बोलत नाही.