चिरंजीव आणि फ्रिजवरचा कागद

घरात पाच महिन्यांचं बाळ आणि एक्सेल येणारा नवरा एकत्र आले की वेळापत्रक निघणारच. सातला जाग, नऊला झोप, साडेदहाला जाग, साडेबाराला पुन्हा झोप, असा रंगीत कागद फ्रिजवर लागला. चिरंजिवांना वाचता येत नाही, एवढीच काय ती उणीव.

एकदा स्वारी सव्वासहालाच उठली. या वयाची बरीच मुलं एका वेळी साधारण दोन तास जागी राहतात, म्हणजे सव्वाआठला झोप यायलाच हवी. पण कागदावर नऊ! "अजून पाऊणच तास," म्हणत नवऱ्याने खुळखुळा उचलला. आधी जांभई आली. मग नजर खुळखुळ्यावरून भिंतीवर गेली, कान ओढणं सुरू झालं, भुवयांपाशी लाली आली. नेमकी हीच वेळ होती झोपवायची. ती हुकली आणि भोंगा सुरू झाला. अती दमलेलं बाळ लवकर झोपेल असं आपल्याला वाटतं. ते उलट झोपेशीच भांडतं. सव्वानऊला कसाबसा डोळा लागला आणि दहाला दहा कमी असताना चिरंजीव टक्क जागे.

"याची अजून चाळीस मिनिटं बाकी आहेत," नवरा म्हणाला. मी बाळ त्याच्याकडे दिलं.

"अगं, बाळ सांगतं तेव्हा झोपवायचं, घड्याळ कशाला?" हा सासूबाईंचा पक्ष. तोही करून पाहिला. दिवस छान गेला. फक्त संध्याकाळी साडेपाचला झोपलेल्या बाळाला कुणी उठवेना, ते उठलं सातला, आणि रात्री साडेनऊला आम्ही दोघं पेंगत असताना त्याचा खेळ रंगात आला होता.

शेवटी तह झाला. सकाळची जाग सातच्या आसपास आणि रात्रीची झोप साडेसातच्या सुमारास, एवढंच घड्याळाकडे. मधल्या झोपांची वेळ मागच्या वेळी उठल्यापासून मोजायची. आधीची झोप अर्ध्या तासातच मोडली असेल तर पुढची थोडी अलीकडे घ्यायची. साडेपाचनंतर मात्र झोपू द्यायचं नाही, कितीही गोड दिसत असला तरी. दूध भुकेवर, त्याला तहात कलम नाही.

माझ्या बहिणीकडे हे जमलं नसतं. तिचं बाळ पाळणाघरात जातं. तिथे एका बाईंकडे चार-पाच पिल्लं, त्यांनी कुणाकुणाचे कान बघायचे? शिवाय तिची लेक मुळातच ठरल्या वेळी पेंगणारी. आमच्याकडे दिवसभर आजी असते, म्हणून ही चैन.

फ्रिजवर आता एकच ओळ असते: "शेवटचा उठला – ९.५०". मी कामाला बसले की सासूबाई तेवढी वाचतात आणि बाकीचं बाळाच्या तोंडावर बघतात. नवऱ्याने मात्र परवा शेजारी हळूच एक रकाना आखला. वर लिहिलंय 'भुवया', आणि खाली तीन पर्याय: नेहमीच्या, गुलाबी, लाल.