साडे किती?

सदाशिव पेठेतले काका व्हिडिओ कॉलवर मुंजीचं आमंत्रण देत होते. "तर रविवारी सकाळी साडे—" एवढं म्हणाले आणि थिजले. एक डोळा मिटलेला, तोंड उघडं, तर्जनी हवेत. बारा-पंधरा सेकंदांनी जिवंत झाले ते थेट "...आणि उशीर करू नकोस, कळलं ना?" म्हणत.

आपण अडकलो होतो हे काकांच्या गावीही नव्हतं. कसं असणार? आपल्या पडद्यावर आपलं चित्र आपल्याच कॅमेऱ्यातून येतं, त्याला इंटरनेटची वारी नसते. काका स्वतःला छान हलताना बघत होते. शिवाय कॉलमध्ये गळलेला आवाज सहसा मागून येत नाही. उशिरा आलेला शब्द पुढच्या वाक्यात घुसवून काय उपयोग, म्हणून तो सोडून दिला जातो.

मी म्हणालो, "काका, पुन्हा सांगा ना." हीच माती खाल्ली. काका पहिल्यापासून सुरू झाले. मुलाचा आजोळचा गोतावळा, कार्यालय मिळवताना झालेली दगदग, आचारी. या खेपेला "साडे" गाठायच्या आतच, कार्यालयाच्या पत्त्यावर थिजले. म्हणजे पहिलं भोक तसंच आणि दुसरं नवं! कनेक्शन डळमळीत असताना माणूस जितका जास्त बोलेल तितकं जास्त गळणार, हे मला तोवर सुचलं नव्हतं. मी बायकोकडे वळून जे पुटपुटायचं ते पुटपुटलो.

तिने फोन ओढून घेतला. "काका, आपण दोघंही कॅमेरा बंद करू या, नुसता आवाज जास्त टिकतो." चित्रं गेली. मग म्हणाली, "रविवारी सकाळी 'साडे' इथपर्यंत ऐकलं. साडे किती?"

"आठ."

आता मराठीत नुसत्या 'साडे'वरूनही दीड-अडीच बाद होतात, म्हणजे आम्ही अगदीच अंधारात नव्हतो. पण सात, आठ आणि साठ हे फाटक्या आवाजात सख्खे भाऊ. म्हणून तिने विचारलं, "आठ वाजून तीस मिनिटं ना?"

"हो."

"आणि पत्त्यात 'कर्वे रस्त्यावर' इथपर्यंत आलं. कशाच्या जवळ?"

"नळ स्टॉपच्या अलीकडे, डाव्या हाताला."

संपलं! वीस सेकंदही लागले नाहीत. तिने "हो का?", "आवाज येतोय का?" असलं काही विचारलं नाही. कुठवर पोचलं ते सांगितलं आणि राहिलेला एकेक तुकडा उचलून घेतला. आजोळच्या गोतावळ्याला काकांना वावच मिळाला नाही.

फोन ठेवणार इतक्यात काका म्हणाले, "एक मिनिट, त्याला दे. अरे, मघाशी माझ्याकडे 'हे काका म्हणजे फार' इथपर्यंत ऐकू आलं. फार काय?"