25 जूनची रात्र आजच्या कलम 352 मध्ये बसते का?

"पंतप्रधानांनी मनात आणलं की राष्ट्रपती सही करतात आणि आणीबाणी लागते. मग सगळे मूलभूत हक्क संपतात, कोर्टात जाता येत नाही आणि सरकारला वाटेल तितके दिवस ती चालते. 1975 ला झालं तेच उद्याही होऊ शकतं, घटनेत अडवणारं काहीच नाही."

हे दरवर्षी जूनमध्ये फिरतं, आणि बारावीच्या उत्तरांतही जवळजवळ याच शब्दांत येतं म्हणून जरा नीट लिहितोय. हे 1975 चं वर्णन म्हणून बरंचसं बरोबर आहे, पण आजची घटना म्हणून चूक आहे, कारण मधे 1978 ची 44 वी घटनादुरुस्ती येऊन गेली आणि ती त्या एका रात्रीकडे बघूनच लिहिलेली आहे. त्यामुळे कलमं पाठ करण्यापेक्षा ती रात्र आजच्या नियमांत चालवून बघूया, कुठे अडते ते आपोआप कळेल.

पहिला मुद्दा सहीचा. 25 जून 1975 च्या रात्री इंदिरा गांधींचा सल्ला राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांच्याकडे गेला, त्यांनी सही केली, आणि मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे आधी आणीबाणी लागली आणि मग कॅबिनेटची बैठक झाली. आज ही फाईल इथेच थांबते. आता कलम 352 मध्ये स्पष्ट लिहिलंय की कॅबिनेटचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवल्याशिवाय त्यांनी उद्घोषणा काढायचीच नाही, एकट्या पंतप्रधानांचं पत्र पुरत नाही.

आणि कारण काय द्यायचं? तेव्हा दिलं होतं 'अंतर्गत अशांतता'. हा शब्द इतका सैल की संप, मोर्चे, आंदोलन काहीही त्यात बसवता यायचं. 44 व्या दुरुस्तीने तो काढून 'सशस्त्र उठाव' घातला, म्हणजे आता युद्ध, परकीय आक्रमण किंवा सशस्त्र उठाव एवढीच तीन कारणं. आंदोलन कितीही मोठं असो, हातात शस्त्र नसेल तर या कलमात बसत नाही. उत्तरात हा शब्दबदल नक्की लिहा, सगळ्यात जास्त मुलं तोच विसरतात.

आता "वाटेल तितके दिवस". जुन्या नियमात संसदेने 2 महिन्यांत एकदा मंजुरी दिली की पुढे मुदतच नव्हती. याचा परिणाम बघायला 1975 कडेही जायला नको, चीनच्या युद्धात ऑक्टोबर 1962 ला लागलेली आणीबाणी, लढाई त्याच नोव्हेंबरात थांबली तरी जानेवारी 1968 पर्यंत चालू होती! आज मंजुरी 1 महिन्यात लागते, दोन्ही सभागृहांची, आणि ती फक्त 6 महिने टिकते, पुढे चालवायची तर परत मंजुरी घ्यायची.

बहुमतही साधं नाही, इथे दोन अटी एकदम पाळाव्या लागतात. लोकसभेत 543 जागा धरा. समजा मतदानाला 400 जणच आले, तर त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे 267, पण एकूण सदस्यांचं बहुमत 272 लागतं, म्हणून 267 वर ठराव पडला. उलट 500 जण आले तर 272 पुरत नाहीत, 334 लागतात. आणि राज्यसभेतही हेच गणित पार करावं लागतं, जिथे सरकारकडे अनेकदा साधं बहुमतही नसतं. खरा अडथळा मला हा वाटतो.

लावताना एवढं कठीण, पण काढताना मुद्दाम सोपं ठेवलंय. लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी, म्हणजे 55 जणांनी, लेखी नोटीस दिली की 14 दिवसांत खास बैठक बोलवावीच लागते, आणि तिथे साध्या बहुमताने नापसंतीचा ठराव झाला की राष्ट्रपतींना उद्घोषणा मागे घ्यावी लागते.

आता हक्क आणि कोर्ट, आणि इथे थोडं थांबायला हवं कारण इथेच माणसं चिरडली गेली. मिसा या खटल्याशिवाय डांबून ठेवायच्या कायद्याखाली पकडलेल्या लोकांनी हायकोर्टात हेबियस कॉर्पसचे अर्ज केले, म्हणजे मला का पकडलंय ते तपासा एवढीच मागणी. नऊ हायकोर्टांनी हे अर्ज ऐकता येतात असं सांगितलं. पण 28 एप्रिल 1976 ला सुप्रीम कोर्टाने एडीएम जबलपूर खटल्यात 4 विरुद्ध 1 असा निकाल दिला की आणीबाणीत कलम 21 साठी, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी, कोर्टाचं दार बंद. न्या. एच. आर. खन्नांनी सरकारी वकिलांना विचारलं होतं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाला मारलं तर काय, आणि उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर काही उपाय नाही. विरोधात गेलेले एकटे खन्नाच, आणि जानेवारी 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं, खन्नांनी राजीनामा दिला.

आज कलम 359 खाली राष्ट्रपती काही हक्कांसाठी कोर्टात जाणं थांबवू शकतात हे खरं, पण कलम 20 आणि 21 त्यातून कायमचे वगळलेत. म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही कोर्टात मागता येतो. कलम 19 ची स्वातंत्र्यं आपोआप निलंबित होतात ती फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमण असेल तर, सशस्त्र उठावाच्या आणीबाणीत होत नाहीत. जबलपूरचा निकाल तर सुप्रीम कोर्टानेच 2017 ला पुट्टस्वामी खटल्यात रद्द ठरवला. शिवाय 1975 च्या 38 व्या दुरुस्तीने आणीबाणीची उद्घोषणाच कोर्टाच्या कक्षेबाहेर नेली होती, तेही 44 व्याने काढून टाकलं, त्यामुळे ती दुष्ट हेतूने लावली असं म्हणून आव्हान देता येतं.

पण म्हणून सगळं सुरक्षित असं लिहिलंत तर तेही अर्धवटच. ज्या सरकारकडे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आहेत त्याला वरचं मतांचं गणित अडवत नाही, आणि त्या 55 जणांना चर्चा घडवता येते, निकाल नाही, तो लोकसभेतल्या बहुमताच्याच हातात राहतो. अजून एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. प्रतिबंधक स्थानबद्धतेत सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला ठेवायची मर्यादा 3 महिन्यांवरून 2 महिन्यांवर आणणारा कलम 22 चा बदलही याच 44 व्या दुरुस्तीत आहे. संसदेने तो मंजूर केला, पण तो भाग लागू करायची अधिसूचना कुठल्याच सरकारने काढली नाही, त्यामुळे तिथे अजूनही जुने 3 महिनेच चालू आहेत, आणि त्यासाठी आणीबाणी लागायचीही गरज नाही.