मल्चिंग पेपर घेताना आधी काटा मागा, मग भाव

"पंचवीस मायक्रॉन आहे, यूव्हीवाला आहे, डोळे झाकून न्या." दुकानात असं ऐकलं की रोल सरळ काट्यावर ठेवायला सांगा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बोटांनी चोळून २० आणि २५ मधला फरक कुणालाही कळत नाही. वजनात मात्र तो लगेच दिसतो.

हिशोब सोपा आहे. रुंदी मीटरमध्ये, लांबी मीटरमध्ये आणि मायक्रॉन यांचा गुणाकार करा, त्याला ०.९२५ ने गुणा आणि १००० ने भागा. उत्तर किलोत येतं. चार फुटी, म्हणजे १.२ मीटर रुंदीचा ४०० मीटरचा २५ मायक्रॉनचा रोल आतली नळी सोडून साधारण ११ किलो भरायला हवा. तो ९ किलोच भरला, तर एकतर जाडी २० मायक्रॉन आहे, नाहीतर लांबी ३२५ मीटरच्या आसपास आहे. समजा २० गुंठ्यांत मिरची लावायची आहे आणि बेड पाच फुटांवर आहेत. सुमारे १,३३० मीटर पेपर लागतो, म्हणजे चार रोल. प्रत्येकी दोन किलो कमी धरले तर आठ किलो प्लास्टिकचे पैसे फुकट गेले.

आता वजनही फसवू शकतं. खडूची पावडर जास्त मिसळली की रोल जड होतो, पण पेपर पातळच राहतो. म्हणून एक तुकडा फाडून ताणून बघा. चांगला पेपर आधी लांबतो आणि मग तुटतो. भेसळीचा किंवा जुन्या प्लास्टिकच्या दाण्याचा पेपर फारसा न लांबता सरळ फाटतो. दुसरा तुकडा उन्हाकडे धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले की तो रोल घेऊ नका. काळी बाजू उजेड अडवते म्हणूनच तण मरतं. अंथरताना चंदेरी बाजू वर, काळी खाली. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सकाळच्या घाईत उलटा पेपर बसलेले बेड दिसतातच.

जाडी आणि यूव्ही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाडीमुळे पेपर ओढाताण सोसतो, यूव्हीमुळे ऊन सोसतो. म्हणून "यूव्ही आहे का?" असं विचारू नका, "किती महिन्यांची आहे?" असं विचारा. कलिंगड दोन-अडीच महिन्यांत निघतं, मिरची सहा-आठ महिने उभी राहते. मिरचीला २५ पुरतो. त्याच पेपरवर दुसरं पीक घ्यायचं असेल तर ३० घ्या. स्वस्तातला पातळ पेपर काढताना तुकडे होतो आणि नांगरटीत मातीत जातो. हे मला अजिबात पटत नाही.

पेपर कशानं गेला, हे बेडवर वाचता येतं. छिद्रापासून लांब सरळ चीर गेली असेल तर वारा किंवा जास्त ताण. बेडच्या उघड्या खांद्यावर पापुद्रे सुटतायत, पण मातीखाली दाबलेली कड शाबूत आहे, तर यूव्ही संपलेली आहे. सल्फरच्या वारंवार फवारणीनंही यूव्हीचं औषध लवकर निकामी होतं. शेडनेटवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवा.

शेडनेटवरचे ५० किंवा ७५ टक्के म्हणजे सावली, मजबुती नव्हे. रोपवाटिकेला ५० पुरे. जास्त घातली की रोपं उजेडाला ताणतात आणि लांबुळकी होतात. नेट बहुतेक आधी फाटते ती तापलेल्या लोखंडी पाइपला टेकते तिथं. त्या रेषेवर जुनी ठिबकची नळी उभी चिरून चढवली तर घासणं आणि भाजणं दोन्ही कमी होतं.

ताडपत्रीला मायक्रॉन नको, जीएसएम विचारा. म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. २० बाय ३० फुटांची २०० जीएसएमची ताडपत्री ११ किलोच्या आसपास भरते. मात्र बऱ्याच ठिकाणी सांगितलेलं माप शिवण्याआधीचं असतं, कडा दुमडल्यावर काही इंच कमी भरतात. सोयाबीनची गंज झाकायला २०० घ्या. खळ्यावर अंथरायला हलकी चालते. वर्षभर शेडवर ठेवणार असाल तर जाडीपेक्षा यूव्हीला पैसे द्या.

विक्रेता निवडताना माझी कसोटी एकच: बिलावर मायक्रॉन, रुंदी, लांबी, निव्वळ वजन आणि यूव्हीचे महिने लिहून देतो का? शेडनेट असेल तर सावलीचे टक्के आणि आयएस १६००८ हे शेडनेटचं मानक पण लिहून घ्या. तोंडी हमी देणारा खूप स्वस्त देत असला तरी पुढच्या दुकानात जा. अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर पूर्वसंमती मिळेपर्यंत बिल फाडू नका. रोल शेतावर आल्यावर एकाच्या आतल्या टोकाचा हातभर तुकडा बॅच नंबरच्या चिठ्ठीसह अंधारात जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली, तर बेडवरचा पापुद्रा आणि हा तुकडा शेजारी ठेवून दाखवता येतो.