महिन्याला पंधरा पाने छापणाऱ्याने इंक टँक का घ्यावा?

“घरासाठी डोळे झाकून इंक टँकच घ्या. पानाचा खर्च सगळ्यात कमी, देखभाल शून्य. लेझर फक्त ऑफिसला लागतो.”

इंक टँक, म्हणजे बाटलीने शाई भरायच्या टाकीचा प्रिंटर, घ्यायला निघालो की असा सल्ला मिळतो. पानाचा खर्च कमी असतो हे खरे आहे, पण तो ज्या पानसंख्येवरून काढतात ती सलग छपाई करून मोजलेली असते, आणि घरात तशी छपाई क्वचितच होते. महिन्याला १५ पाने धरली, तर वर्षाला १८० आणि पाच वर्षांत ९०० पाने होतात. ६००० पानांची काळी बाटली या गतीने तेहतीस वर्षे पुरेल, म्हणजे तिचा स्वस्तपणा वसूल होण्याआधी प्रिंटरच निकालात निघेल. टाकीसाठी मोजलेली जास्तीची रक्कम मात्र पहिल्याच दिवशी गेलेली असते.

देखभालीचा मुद्दा तर सपशेल चुकीचा आहे. टाकी मोठी असली तरी शाई कागदावर येते ती प्रिंट हेडच्या केसाहून बारीक छिद्रांतूनच, आणि प्रिंटर पडून राहिला की त्या छिद्रांत ती सुकते. माझा प्रिंटर दोन महिने बंद होता. नंतर नोझल चेकच्या पानावर गुलाबी रेघा तुटक आल्या. मी अधीरपणे लागोपाठ सहा वेळा हेड क्लीनिंग चालवले, तेव्हा टाकीतली पातळी डोळ्यांदेखत उतरली आणि रेघा तशाच राहिल्या. रात्रभर थांबून सकाळी एकदाच क्लीनिंग केल्यावर त्या जुळल्या. खेचलेली ती सगळी शाई आतल्या शोषक पॅडमध्ये जाते, आणि ते भरले की प्रिंटर छपाईच थांबवतो. शिवाय प्रिंटर स्वतःच्या बटणानेच बंद करावा, कारण छपाई चालू असताना भिंतीवरचा स्विच बंद केल्यास हेड झाकणाखाली परतत नाही आणि उघडेच सुकते.

साध्या काट्रिजच्या इंकजेटमध्येही शाई सुकतेच, पण अनेक मॉडेलांत हेड काट्रिजवरच असल्याने नवे काट्रिज घातले की हेडही नवे मिळते. पान मात्र महाग पडते.

राहिला लेझर. टोनर ही कोरडी भुकटी असल्याने ती सुकण्याचा प्रश्नच येत नाही. सोबत येणारे टोनर बहुधा पूर्ण भरलेले नसते, तरी ते ७०० पानांचे असेल तर आपल्या हिशेबाने जवळजवळ चार वर्षे चालते. मर्यादाही आहेत: छायाचित्रे त्यावर चांगली उठत नाहीत, रंगीत लेझरला चार टोनर लागतात, आणि कागदावर भुकटी वितळवणारा फ्यूजर तापताना इतकी वीज ओढतो की तो छोट्या यूपीएसवर लावू नये.

इंक टँक घ्यावा तो दर आठवड्याला रंगीत पाने खरोखर निघत असतील तर. महिन्याला १५० पाने झाली की तीच बाटली साडेतीन वर्षांच्या आत संपते, आणि छिद्रेही वाहती राहतात.