३२० पैकी ६४

परवा वाचनालयाच्या मीटिंगमध्ये मला २० टक्के मार्क पडले. वय वर्षं एवढं झाल्यावर, चारचौघांत, चहा-बिस्किटं चालू असताना. अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

थोडक्यात सांगायचं तर आम्ही दर आठवड्याला एक कथा वाचून रेकॉर्ड करतो आणि लोकांना ऐकायला देतो. रेकॉर्डिंग, कापाकापी, एक्सपोर्ट हे सगळं फुकटात माझ्याकडे. ऐकणारे बहुतेक गावाकडचे, वयस्कर, मोबाईल डेटावर. परवाची कथा ४२ मिनिटांची होती, मी ती नेहमीसारखी ६४ केबीपीएस मोनो एमपी थ्री करून दिली, आणि आमच्या खजिनदारकाकांनी ती फाईल उघडून तिची "प्रॉपर्टीज" बघितली. ज्याने कोणी ती प्रॉपर्टीजची खिडकी केली त्याचं काय वाकडं केलं होतं मी कोण जाणे.

"हे ६४ काय आहे?" काका.

"बिटरेट, काका. एका सेकंदाच्या आवाजाला किती माहिती खर्च करायची ते."

"आणि जास्तीत जास्त किती असतं?"

इथेच मी गप्प बसायला हवं होतं पण विचारलं की सांगायची सवय. "एमपी थ्रीमध्ये ३२०."

काकांनी मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढला. चष्मा कपाळावरून खाली घेतला. सगळी कमिटी बघतेय. "३२० पैकी ६४. म्हणजे २० टक्के." मग माझ्याकडे बघून, अगदी मायेने, "अरे पस्तीसला पास असतं."

हशा. सेक्रेटरीबाईंच्या तोंडातलं बिस्किट बाहेर. मी सांगायला गेलो की हे मार्क नाहीत, की ३२० हे गाण्यांसाठी, चाळीस वाद्यं एकदम वाजतात तिथे कामाला येतं, इथे एक माणूस एका माइकसमोर बसून वाचतोय. तर काका म्हणाले, "तेच तर, एकच माणूस आहे, त्याला तरी पूर्ण द्या!" याला उत्तर नसतं हो. वर "जास्तीचे पैसे लागतात का?" असंही विचारलं. नाही लागत. आम्हाला नाही लागत.

मग प्रात्यक्षिक. काकांच्या पुतण्याने आदल्या रात्री तीच कथा ३२० ला "अपग्रेड" करून आणली होती. काकांनी दोन्ही फाईली फोनच्या स्पीकरवर वाजवल्या, आणि खरंच, ३२० वाली सगळ्यांना जास्त छान वाटली. मलासुद्धा क्षणभर वाटली. कारण पुतण्याने जाता जाता आवाजही वाढवून ठेवला होता, आणि तीच गोष्ट जरा मोठ्याने ऐकवली की माणसाला ती जास्त स्पष्ट वाटते. दोन फाईलींची तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करायचा असतो, हा या धंद्यातला पहिला नियम. पण हात वर करून मतदान चालू असताना नियम कोण ऐकतो.

बरं, त्याने ३२० केली कशातून? माझ्या ६४ वाल्या एमपी थ्रीतूनच! मूळ वेव्ह फाईल, म्हणजे काहीही न काढलेलं पूर्ण रेकॉर्डिंग, तर माझ्या कॉम्प्युटरवर आहे. एमपी थ्री करताना कानाला फारसं जाणवणार नाही असा भाग काढून टाकलेला असतो, तो एकदा गेला की गेला. पातळ ताक मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून घट्ट होत नाही, पातेलं तेवढं जड होतं. उलट दुसऱ्यांदा एमपी थ्री करताना थोडं अजून गळतं. अशी फाईल पकडायची असेल तर ऑडॅसिटी या आवाज कापाकापीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या फ्रिक्वेन्सींचं चित्र, लावायचा. वरच्या फ्रिक्वेन्सीचा भाग एका उंचीवर कात्रीने कापल्यासारखा सरळ रेषेत संपलेला दिसतो आणि त्याच्या वर काहीच नसतं. हे मी लॅपटॉपवर दाखवायला गेलो तर काका म्हणाले, "आम्ही कथा ऐकतो, बघत नाही." टाळ्या.

ठराव झाला. "ध्वनीचा दर्जा ६४ वरून ३२० करण्यात यावा." सर्वानुमते. (मी पकडून नाही.)

आता हिशेब बघा, अगदी शाळेतला आहे. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट्स, आठने भागा, ८ हजार बाइट्स. मिनिटाला ४८० केबी. ४२ मिनिटांची कथा साधारण २० एमबी. तीच ३२० ला बरोब्बर पाचपट, १०० एमबी. यात आवाज कोणाचा आहे, कथा कोणती आहे, काही संबंध नाही, बिटरेट गुणिले वेळ, संपला विषय. आणि राजापूरकडे माझी एक मावशी आहे जिचा पॅक २८ दिवसांना २ जीबीचा आहे. चार कथा १०० एमबीच्या म्हणजे तिच्या महिन्याच्या डेटाचा पाचवा हिस्सा आम्हीच खाल्ला, नातवाचे फोटो आणि व्हिडिओ कॉल राहिले बाजूला. वायफायवर बसलेल्या लोकांनी हात वर केले आणि बिल गेलं मावशीला. हे मला हसण्यावारी नेता येत नाही, सॉरी.

त्यातून रेंज. ३२० ची फाईल ऑनलाइन ऐकायची तर सेकंदाला ३२० हजार बिट्स न थांबता यायला लागतात. घराच्या मागच्या पडवीत एक दांडी रेंज असलेल्या मावशीला ते कुठून येणार? फोन आला तिचा, "अरे, तो दार उघडतो आणि मग नुसतं गोल गोल फिरतंय, दारात कोण आहे ते तरी सांग!" मी फोनवर कथेचा शेवट सांगितला. कथावाचनाचा उपक्रम.

अजून एक गंमत, बऱ्याच पॅकमध्ये डेटा संपला की नेट बंद होत नाही, स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे माझी ती नापास झालेली ६४ ची फाईलसुद्धा तिथे अडखळणार, कारण नेटचा स्वतःचाही थोडा खर्च असतो, पूर्ण ६४ आपल्या वाट्याला येत नाही. ४८ ची फाईल बहुतेक चालून जाईल, ३२ ची नक्की. मी खरं तर मीटिंगला हेच मांडायला गेलो होतो की अजून खाली जाऊया! नशीब तोंड उघडायच्या आधीच निकाल लागला.

पण खाली जाताना एक भानगड असते आणि तिथे सॅम्पल रेट येतो. सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला आवाजाची किती वेळा नोंद घेतली ते, आणि त्याच्या निम्म्यापर्यंतच्याच फ्रिक्वेन्सी त्यात मावतात. ४४.१ किलोहर्ट्झला २२ पर्यंत, जे माझ्या वयाच्या कानाला तसंही ऐकू येत नाही. वेव्ह फाईलमध्ये हा आकडा निम्मा केला की साइज निम्मी होते. पण एमपी थ्रीमध्ये बिटरेट तोच ठेवून सॅम्पल रेट कितीही बदला, साइज तीच राहते, कारण साइज बिटरेटने आधीच ठरवून टाकलीये. बदलतं काय, तर तेवढेच बिट्स किती रुंद पट्ट्यावर पसरायचे ते. ३२ केबीपीएस आणि ४४.१ अशी जोडी लावली तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो, शब्दांच्या शेवटी एक सळसळ, घुमल्यासारखं. तेच बिट्स २४ किलोहर्ट्झवर लावले की फक्त १२ पर्यंतचा आवाज सांभाळायचा असतो आणि तो ठीक सांभाळला जातो.

म्हणून मग अजून खाली, १६, ८? नाही. मराठीतला स, फ, शिवाय चमच्यातला च, यांची धार वरच्या फ्रिक्वेन्सीत असते, ४ हजार हर्ट्झच्या वरही बरीच. १६ किलोहर्ट्झला स बोथट होतो, ८ ला तर तो जुन्या लँडलाइनचा आवाज, जिथे आपल्याला "फ फणसाचा" असं ओरडून सांगायला लागायचं ते याच कारणाने. म्हणून मी तपासायला कथेतलं स-श-फ भरपूर असलेलं एखादं वाक्य काढतो आणि इअरफोन लावून तेवढंच ऐकतो, सगळी कथा ऐकत बसायची गरज नाही.

मावशीसाठी मूळ वेव्हवरून ffmpeg नावाच्या प्रोग्रॅमला ही कमांड देऊन परत काढली ती अशी:

```
ffmpeg -i katha.wav -ac 1 -ar 24000 -c:a libmp3lame -b:a 48k katha.mp3
```

१५ एमबी. `-ac 1` म्हणजे मोनो, हे विसरायचं नाही, नाहीतर एकाच माणसाचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही कानांसाठी सांभाळायला लागतो आणि खालच्या बिटरेटला तेवढी चैन परवडत नाही. मावशीने पूर्ण ऐकली. दारात कोण होतं हे आधीच कळल्यामुळे मजा गेली म्हणाली, पण आवाजाची तक्रार नाही.

ओपस नावाचा प्रकार याहून कमी बिट्समध्ये जास्त स्वच्छ बोलतो, व्हॉट्सअॅपचे व्हॉइस मेसेज त्यातच असतात. पण आमच्या अर्ध्या श्रोत्यांकडे मेमरी कार्ड घालायचे जुने डबे आहेत, त्यांना एमपी थ्रीशिवाय काही कळत नाही.

आणि खरा घोळ तर पंख्याचा आहे! रेकॉर्डिंगच्या खोलीत डोक्यावर पंखा गरगरतोय, त्याचा एकसारखा सूं आवाज प्रत्येक सेकंदाला, आणि असला सूं आवाज एमपी थ्रीला दाबायला सगळ्यात अवघड, त्यात धरायला काही ठरावीक सूर नसतो. मग मोजकेच बिट्स असतात त्यातले निम्मे-शिम्मे पंख्याला जातात आणि माणसाला उरतात ते उरतात. ३२० ला पंखासुद्धा अगदी स्वच्छ ऐकू येतो एवढंच. पंखा बंद करा, खिडकीला गोधडी लावा, ४८ ला आवाज खणखणीत येईल, हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "मे महिन्यात? वाचणारा माणूस मरेल." पंख्यावर ठराव होत नाही.

काल काकांचा परत फोन. प्रॉपर्टीजमध्ये त्यांना दुसरा आकडा सापडलाय.

"हे ४४.१ काय? वर पॉइंट वन कशाला? राउंड फिगर ४५ करून टाक की."

मी त्यांना सांगितलं की हा आकडा एका काळी व्हिडिओ टेपवर ठरला. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे, एका ओळीत ३ नोंदी, पडद्याच्या एका फेरीत २४५ ओळी, सेकंदाला ६० फेऱ्या, गुणाकार करा, ४४,१००. पुढे १९८२ मध्ये सीडी आली तीही तोच आकडा घेऊन. काकांनी खरंच गुणाकार केला, कॅल्क्युलेटरची टिकटिक ऐकू येत होती.

"बरोबर आहे," म्हणाले. "पण आपण आता टेप कुठे वापरतो?"

एमपी थ्रीमध्ये २४ च्या वर फक्त ३२, ४४.१ आणि ४८ एवढंच चालतं काका, ४५ हा पर्यायच नाही यादीत.

"मग दुसरं सॉफ्टवेअर बघ. मी पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत टाकतो."